टेबलावर नसलेल्या सोंगट्या

डॉमिनोच्या संचात २८ सोंगट्या असतात आणि डाव संपत येतो तेव्हा त्यांपैकी वीसेक टेबलावर उघड्या पडलेल्या असतात. त्या लक्षात ठेवायची गरज नाही, त्या समोरच दिसतात. तरी बहुतेकांची सगळी मेहनत नेमकी त्या लक्षात ठेवण्यात जाते. टेबल जे आपल्यासाठी लक्षात ठेवतं ते टेबलावरच सोडावं. आपण लक्षात ठेवायचं ते टेबलावर उरत नाही ते: समोरच्याने ढिगातून कधी उचललं आणि त्या क्षणी दोन टोकांना कोणते आकडे होते.

इथे बोलतो आहे तो दोघांचा, ढिगातून उचलायचा खेळ. प्रत्येकाला सात सोंगट्या, मध्ये चौदांचा पालथा ढीग. लावता येत असेल तर लावायचीच. येत नसेल तर लागणारी मिळेपर्यंत ढिगातून उचलायचं, आणि मिळाली की ती लगेच लावायची. ढिगातल्या शेवटच्या दोन सोंगट्यांना कुणी हात लावायचा नाही, त्या झोपलेल्या. त्यानंतर अडलं की पास. ज्याचा हात आधी रिकामा होतो त्याला समोरच्याच्या हातात उरलेल्या ठिपक्यांइतके गुण.

या नियमात एक गोष्ट लपलेली आहे, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोलाची माहिती तीच. समजा टोकांना तीन आणि पाच आहेत आणि समोरच्याने उचलायला सुरुवात केली. याचा अर्थ त्याच्या हातात तीनही नाही आणि पाचही नाही, हे सगळ्यांनाच कळतं. पण पुढे पाहा. त्याने पहिली उचलली, नाही लागली, म्हणजे तिच्यावरही तीन-पाच नाही. दुसरीचं तसंच. तिसरी लागली, पण ती टेबलावर गेली. म्हणजे उचलून झाल्यावर त्याच्या हातात जे काही आहे, जुनं असो वा नवं, त्यात एकही तीन नाही आणि एकही पाच नाही. हात मोठा झाला, आणि तरीही आपल्याला तो पूर्वीपेक्षा जास्त कळला. समोरचा भराभर उचलत असताना आपण सुखावून शांत बसतो, पण मन लावून पाहायची खरी वेळ तीच असते.

आता मोजणी. २८ सोंगट्या एकेक करून आठवत बसलं तर डोकं शिणतं आणि चूक होते. मोजायचं ते आकड्याने. कोऱ्यापासून सहापर्यंत सात आकडे, आणि प्रत्येक आकडा बरोबर सात सोंगट्यांवर असतो: सहा साध्या आणि एक डबल. टेबलावर चाराच्या पाच दिसतात, माझ्या हातात दोन आहेत, झाले सात. म्हणजे जगात आणखी चार नाही. हे वाक्य मनात तयार झालं की अर्धा शेवट हातात आला, कारण त्याचा दुसरा अर्थ असा की टोकाला असलेला चार आता फक्त माझा दरवाजा आहे. समोरचा तिथून आत येऊ शकत नाही आणि तो बंदही करू शकत नाही.

एक पूर्ण स्थिती घेतो. टोकांना तीन आणि पाच होते, ढिगात पाच सोंगट्या होत्या. समोरच्याने तीन उचलल्या, तिसरी ५-६ निघाली आणि त्याने ती पाचाला लावली. ढिगात दोन उरल्या, म्हणजे उचलणं संपलं. मग आपण ३-४ लावली, त्याने ६-०, आपण ०-०, त्याने ०-१. आता टोकांना चार आणि एक आहेत, पाळी आपली. आपल्या हातात ४-४, ४-५ आणि १-५. त्याच्याही हातात तीन. टेबलावर वीस.

न दिसणाऱ्या पाच सोंगट्या कोणत्या? आकड्यांनी जाऊ. कोऱ्या साती टेबलावर, तो विषय संपला. चारांपैकी पाच टेबलावर आणि दोन आपल्याकडे, तोही संपला. तिनांपैकी सहा टेबलावर, न दिसणारी एकच, ३-३. पाचांपैकी चार टेबलावर, दोन आपल्याकडे, न दिसणारी ५-५. एकांपैकी चार टेबलावर, एक आपल्याकडे, राहिल्या १-२ आणि १-६. दोनांपैकी पाच टेबलावर, राहिल्या १-२ आणि २-६. सहांमध्ये पुन्हा त्याच १-६ आणि २-६. एकूण पाच: ३-३, ५-५, १-२, १-६, २-६.

यातल्या तीन त्याच्याकडे, दोन झोपलेल्या. आणि आता ती जपून ठेवलेली आठवण कामाला येते. तीन आणि पाच टोकांना असताना त्याने उचललं होतं, त्यानंतर कुणीच काही उचललेलं नाही. म्हणजे ३-३ आणि ५-५ त्याच्याकडे असूच शकत नाहीत. त्या झोपलेल्या आहेत, आणि त्याचा हात उघड्या पुस्तकासारखा आहे: १-२, १-६, २-६.

आपली चाल कोणती? टोकांना चार आणि एक, आणि आपल्या तीनही सोंगट्या लागतात.

जड सोंगटी आधी काढावी, हा सर्वसाधारण सल्ला. सगळ्यात जड ४-५, नऊ ठिपके. ती चाराला लावली तर टोकं होतात पाच आणि एक. तो १-६ लावतो, टोकं पाच आणि सहा. आपल्याला १-५ लावणं भाग आहे, टोकं एक आणि सहा. तो १-२ लावतो, टोकं दोन आणि सहा. आपल्या हातात ४-४ एकटी, पास. तो २-६ लावून मोकळा. आठ गुण गेले. चूक पहिल्याच चालीत झाली होती: टेबलाबाहेरच्या चाराच्या दोनच सोंगट्या होत्या, दोन्ही आपल्याकडे, आणि उघडा चार एकच होता. तो झाकला त्या क्षणी ४-४ कायमची अनाथ झाली, कारण नवा चार उघडा करणारी सोंगटीच आता उरलेली नाही.

दुसरा सल्ला, डबल आधी काढावी. ४-४ लावली, टोकं तीच राहिली, चार आणि एक. तो १-६ लावतो, टोकं चार आणि सहा. आपण ४-५, टोकं पाच आणि सहा. तो २-६, टोकं पाच आणि दोन. आपण १-५ पाचाला लावून मोकळे. पाचाचं टोक तो झाकू शकत नव्हता, त्यामुळे जिंकणं पक्कं होतं. पण त्याच्या हातात उरली फक्त १-२. तीन गुण.

तिसरी चाल १-५, सगळ्यात हलकी, आणि म्हणूनच सहसा कुणी तिच्याकडे पाहत नाही. ती एकाला लावली की टोकं चार आणि पाच. त्याच्याकडे चार नाही, पाच नाही. पास. आपण ४-४ लावतो, टोकं तीच. पुन्हा पास. आपण ४-५ लावून मोकळे, आणि त्याच्या तिन्ही सोंगट्या हातातच, सात आणि तीन आणि आठ, अठरा ठिपके. त्याच्यासाठी या टेबलावर एकच दरवाजा उघडा होता, एकाचा. १-५ ने तो बंद केला आणि त्या जागी फक्त आपला असा दरवाजा उघडला.

इथेही घसरायला जागा आहे. पहिल्या पासनंतर घाईत ४-५ आधी लावली आणि ती चाराच्या टोकाला लावली, तर टोकं पाच-पाच होतात आणि ४-४ पुन्हा अडकते. तोही अडकलेला, आपणही. डाव कोंडतो, ठिपके मोजले जातात, आठ विरुद्ध अठरा, आणि बहुतेक ठिकाणच्या हिशोबाने दहाच गुण मिळतात. तीच सोंगटी पाचाच्या टोकाला लावली असती तर टोकं चार-चार झाली असती आणि ४-४ बाहेर आली असती. जिंकलेला डावही कुठल्या टोकाला काय लावलं यावर आठ गुणांनी बदलतो.

या स्थितीत मला एक गोष्ट विशेष वाटते. समजा आपण ते उचलणं पाहिलंच नव्हतं. पाच न दिसणाऱ्या सोंगट्यांपैकी कोणत्याही तीन त्याच्याकडे असू शकतात, म्हणजे दहा शक्यता. तरी १-५ दहाही शक्यतांत जिंकते. टोकं चार आणि पाच झाल्यावर त्याच्याकडून लागू शकेल अशी एकच सोंगटी, ५-५, आणि ती डबल असल्यामुळे लावूनही टोक पाचच राहतं. म्हणजे जिंकण्यासाठी त्याचा हात माहीत असण्याची गरजच नव्हती. चार संपले आहेत एवढं मोजलेलं पुरेसं होतं. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी आपल्या हातातले आकडे मोजावेत, त्यांच्या किती सोंगट्या बाहेर आहेत ते पाहावं, आणि मग समोरच्याच्या हाताचा शोध घ्यावा. उलट क्रमाने गेलं तर आपण त्याचा हात ओळखण्याच्या आनंदात आपलीच ४-४ अनाथ करून बसतो.

पण प्रत्येक शेवट इतका उदार नसतो. कधी सगळा निर्णय त्या एका आठवणीवर उभा असतो. टोकांना सहा आणि दोन. आपल्या हातात ६-१ आणि २-५, समोरच्याकडे दोन, झोपलेल्या दोन. न दिसणाऱ्या चार: ६-४, ६-५, २-१, २-४. आपण एक लावणार, तो एक लावणार, आणि मग आपली दुसरी लागली पाहिजे. ६-१ आधी लावली तर दुसरीसाठी दोनाचं टोक उघडं राहायला हवं. २-५ आधी लावली तर सहाचं. दोन्ही चाली वजनाने सारख्या, सात-सात ठिपके. टेबलाकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी उत्तर तिथे नाही.

आता समजा, त्याने शेवटचं उचललं तेव्हा एका टोकाला दोन होता. मग त्याच्याकडे दोन नाही, त्याचा हात ६-४ आणि ६-५ आहे. ६-१ लावा. टोकं एक आणि दोन होतात, तो पास करतो, २-५ लावून आपण मोकळे, आणि त्याच्या हातात एकवीस ठिपके. त्याऐवजी २-५ लावली असती तर तो ६-४ ने सहा झाकतो, आपण अडकतो, आणि तो ६-५ पाचाला लावून बाहेर पडतो. आणि जर त्या वेळी टोकाला दोनाऐवजी सहा असता, तर सगळंच उलटं: त्याच्याकडे २-१ आणि २-४, २-५ लावून जिंकणं, आणि ६-१ ने हातातला विजय घालवणं. टेबल तेच, आपला हात तोच, फरक फक्त कित्येक चालींपूर्वी कोणत्या टोकावर त्याने ढिगाकडे हात नेला याचा.

म्हणून ही आठवण कशी जपायची ते नीट सांगतो. समोरच्याने उचललं की मनात दोन आकडे आणि एक संख्या म्हणायची: ‘तीन, पाच, दोन नव्या’. तीन आणि पाच म्हणजे टोकं, दोन नव्या म्हणजे उचललेल्यांपैकी हातात राहिलेल्या. ही संख्या का लागते ते दुसऱ्यांदा उचललं की कळतं. समजा नंतर सहा आणि एक टोकांना असताना त्याने पुन्हा उचललं आणि दोन हातात राहिल्या. आता त्याच्या सगळ्या हातात सहा नाही आणि एक नाही, हे ताजं आणि पूर्ण खरं. पण ‘तीन नाही, पाच नाही’ हे फक्त जुन्या सोंगट्यांबद्दल खरं राहिलं, या दोन नव्यांवर तीन किंवा पाच असू शकतात. जुनी नोंद फेकून द्यायची नाही, पण ती दोन सोंगट्यांपुरती सैल झाली हे मानायचं. मी पाहिलेल्या चुकांमध्ये हीच सगळ्यात जास्त दिसते: जुनी नोंद नव्या हातालाही लावणे. आपली गणना बिनचूक असते, फक्त ती आधीच्या हाताची असते.

नव्या सोंगट्या कोणत्या, हे कधी कधी डोळ्यांनाही दिसतं. अनेक जण उचललेली सोंगटी ओळीच्या एका टोकाला उभी करतात आणि मग हलवत नाहीत. तिथून एखादी खेळली गेली की नव्यांपैकी एक कमी झाली. पण हा धागा बारीक आहे, त्यावर फार भार टाकू नये.

चालीवरून हात ओळखण्याचंही तसंच. त्याने हे टोक सोडून ते टोक का निवडलं, यातून काही कळतं, पण त्याआधी त्याला निवड होती का ते तपासावं. वरच्या मोठ्या स्थितीत त्याने ०-१ लावली आणि एकाचं टोक उघडं केलं. एकाच्या सोंगट्या हातात असल्यामुळे मुद्दाम उघडलं, असं वाटेल. पण तेव्हा टोकांना चार आणि कोरा होते, त्याच्याकडे चार नव्हता, आणि कोऱ्यांपैकी टेबलाबाहेर एकटी ०-१ उरली होती. ती चाल त्याला सक्तीची होती. सक्तीच्या चालीला हेतू चिकटवला की पुढचा सगळा तर्क वाकडा जातो.

मोजणी बरोबर झाली का, हे तपासायची एक सुंदर सोय साखळीतच आहे. साखळीच्या आत प्रत्येक जोडावर सारखा आकडा सारख्या आकड्याला भिडलेला असतो, म्हणजे आतले आकडे जोडीने येतात. फक्त दोन उघडी टोकं बिनजोडीची. म्हणून डबल बाजूला ठेवून प्रत्येक आकड्याच्या टेबलावरच्या साध्या सोंगट्या मोजल्या, तर टोकाला असलेल्या दोन आकड्यांच्या विषम निघायला हव्यात आणि बाकी सगळ्यांच्या सम. मोठ्या स्थितीत चाराच्या साध्या पाच, एकाच्या तीन, दोन्ही विषम, आणि टोकं तीच. पाचाच्या चार, सहाच्या चार, दोनाच्या चार, तिनाच्या सहा, कोऱ्या सहा, सगळ्या सम. पाचाच्या तीन मोजल्या गेल्या असत्या तर तिथेच थांबून पुन्हा पाहायचं. दोन्ही टोकांना एकच आकडा असेल तर सगळेच सम. ही तपासणी दोन टोकांच्या सरळ साखळीसाठी आहे. पहिल्या डबलला चारी बाजूंनी फांद्या फुटू देणाऱ्या खेळात उघडी टोकं दोनाहून जास्त असतात, तिथे सगळी टोकं हिशोबात घ्यावी लागतात. आणि दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा ती काहीच सांगत नाही.

हे सगळं एका नियमावर उभं आहे: लावता येत असेल तर लावायचीच. काही जण लागणारी सोंगटी हातात असतानाही उचलू देतात. तिथे उचललं म्हणजे हातात नव्हतंच, असा निष्कर्ष निघत नाही, आणि नवी नोंद फक्त नकोशा निघालेल्या सोंगट्यांपुरती खरी राहते. म्हणून डाव मांडण्यापूर्वी हे विचारून घ्यावं. त्याचबरोबर शेवटच्या दोन सोंगट्या झोपतात की त्याही उचलायच्या, हेही विचारावं. त्या उचलायच्या असतील तर ढीग रिकामा झाल्यावर न दिसणारी प्रत्येक सोंगटी समोरच्याच्याच हातात असते आणि तर्काची गरज संपते. पण ढिगात दोन शिल्लक असतील तोवर अडण्याची किंमत वाढते.

मोठ्या स्थितीत हा नियम लावून पाहा. आपण १-५ लावली की अडलेला समोरचा आता पास करत नाही, ढिगाकडे जातो. ५-५ हातात आली की लावतो, पण टोक पाचच राहतं, आणि ३-३ आज ना उद्या त्याच्या हातात येऊन बसते. आपण आधी ४-५ पाचाच्या टोकाला लावून टोकं चार-चार करतो, मग ४-४ लावून बाहेर पडतो, आणि अठराच्या जागी त्याच्याकडे चोवीस ठिपके राहतात. पण पहिल्या चालीत ४-५ काढून बसलो असतो, तर टोकांना दोन आणि सहा असताना उचलायची पाळी आपली. ३-३ आणि ५-५, दोन्ही न लागणाऱ्या, आपल्या ४-४ शेजारी येऊन उभ्या राहिल्या असत्या. आठ, सहा आणि दहा, तेच चोवीस, पण आपल्या हातात.